सकाळी उभा राहणारा रोबो दुपारी पळतो: कॉम्प्लिमेंटरी फिल्टरमधला कायमचा तिरका आकडा

भाच्याच्या वहीत एक पान आहे. त्यावर तारीख, वेळ आणि एक आकडा एवढंच लिहिलेलं आहे. सकाळी आठ, ०.६. साडेअकरा, १.४. दुपारी दोन, २.३. संध्याकाळी सात, १.१. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हा आकडा त्याच्या दोन चाकी रोबोचा सेटपॉइंट, म्हणजे रोबोनं कुठल्या कोनाला 'सरळ' मानायचं ते. रोज दर दोन-तीन तासांनी हा आकडा बदलून कोड पुन्हा चढवला तरच रोबो जागेवर उभा राहायचा. नाही बदलला, तर पडायचा नाही, पण हळूहळू मागे सरकत सरकत भिंतीला जाऊन टेकायचा.

"मामा, याला सकाळचं चालतं, दुपारचं चालत नाही. सोलापूरचा आहे ना, दुपारी झोप येत असंल." असा त्याचा विनोद. पण वही पाहिल्यावर मला हसू आलं नाही, कारण असा वेळेनुसार सरकणारा सेटपॉइंट ही फार जुनी ओळखीची तक्रार आहे. प्रत्येक वेळी लोक सेटपॉइंट बदलतात, नाहीतर पीआयडीचे, म्हणजे कोन चुकला की मोटरींना किती जोर द्यायचा ते ठरवणाऱ्या हिशोबाचे, आकडे चाळवत बसतात, आणि खरी चूक असते ती त्याच्याही आधी, कोन काढणाऱ्या चार ओळींत. म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

आधी सामान. सेन्सर एमपीयू-६०५०, बाजारात मिळणाऱ्या छोट्या निळ्या बोर्डावरचा, जायरो आणि अॅक्सेलरोमीटर दोन्ही त्याच चिपमध्ये. नॅनो बोर्ड, एल२९८एन मोटर ड्रायव्हर, दोन पिवळ्या गिअरच्या मोटरी, तीन १८६५० सेल. हा सगळा थर ॲक्रिलिकच्या दोन पट्ट्यांमध्ये. सेन्सर बरोबर ड्रायव्हरच्या डोक्यावर, मध्ये बोटभर अंतर. आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात, पहिल्या मजल्यावर, आणि खाली टॉवेलचे माग. ही शेवटची गोष्ट मुद्दाम सांगतोय, तिचा संबंध पुढे येतो.

कोन काढणाऱ्या ओळी, म्हणजेच कॉम्प्लिमेंटरी फिल्टर, अशा होत्या:

```cpp
float dt = 0.005;
float alpha = 0.996;
accAngle = atan2(ay, az) * 57.2958;
angle = alpha * (angle + gyro * dt)
      + (1 - alpha) * accAngle;
```

या ओळींत वाकडं काही दिसत नाही, आणि गोम तिथंच आहे. जायरो दर सेकंदाला किती अंश वळलं ते सांगतो. ते पाच मिलिसेकंदांनी गुणून मागच्या कोनात मिळवायचं. त्यात छोटी छोटी चूक साचत जाते, म्हणून प्रत्येक फेरीला, गुरुत्वाच्या दिशेवरून कोन सांगणाऱ्या अॅक्सेलरोमीटरच्या कोनाकडे थोडंसं ओढायचं. किती ओढायचं ते अल्फा ठरवतो. ०.९९६ म्हणजे ९९.६ टक्के जायरोवर विश्वास आणि ०.४ टक्के अॅक्सेलरोमीटरवर. सगळे असंच समजतात, आणि इथंच पहिली फसगत होते. टक्केवारीनं काहीच कळत नाही. एका फेरीला ०.४ टक्के हे सेकंदाला दोनशे फेऱ्या असताना एक गोष्ट असते आणि सेकंदाला पन्नास फेऱ्या असताना वेगळीच.

अल्फाचं वेळेत रूपांतर करायचं. त्याला टाऊ म्हणतात आणि तो असा निघतो:

```
tau = alpha * dt / (1 - alpha)
```

भाच्याच्या आकड्यांवरून टाऊ आला १.२४५ सेकंद. त्याचा अर्थ साधा आहे: साधारण सव्वा सेकंदापेक्षा जलद हालचालीत फिल्टर जायरोचं ऐकतो, त्याहून सावकाश गोष्टींत अॅक्सेलरोमीटरचं. आणि आता या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट. जायरो स्थिर असतानाही शून्य न दाखवता थोडासा आकडा दाखवत असेल, त्याला बायस म्हणू, तर फिल्टरच्या कोनात कायमची चूक राहते आणि ती बरोबर बायस गुणिले टाऊ एवढी असते. ती वाढत जात नाही, कारण अॅक्सेलरोमीटर ओढून धरतो. पण ती जातही नाही. प्रत्येक फेरीला बायस थोडं पुढे ढकलतो, अॅक्सेलरोमीटर थोडं मागे ओढतो, आणि दोघांची ताकद जिथं सारखी होते तिथं कोन अडकून बसतो. म्हणूनच ती पकडायला अवघड जाते. नुसता जायरो वापरला असता तर कोन सरकत सरकत भलतीकडे गेला असता आणि कुणालाही दिसला असता. फिल्टर ती चूक लपवतो आणि तिला दीड-दोन अंशांचा शहाणा चेहरा देतो.

पहिली तपासणी: रोबो भिंतीला टेकवून

मोटरींची वायर काढली. रोबो भिंतीला टेकवून ठेवला, हलणार नाही असा. स्क्रीनवर तीन आकडे छापायला सांगितले: अॅक्सेलरोमीटरचा कोन, जायरोचा वेग आणि फिल्टरचा कोन. दहा सेकंद थांबलो, म्हणजे टाऊच्या आठपट, फिल्टर नक्की स्थिरावला असणार. मग अॅक्सेलरोमीटरच्या कोनाची सरासरी आणि फिल्टरचा कोन शेजारी शेजारी ठेवून पाहिले. रोबो खरंच स्थिर असेल तर हे दोन्ही आकडे एक असायला हवेत. दुसरं काही असण्याचं कारणच नाही.

सकाळी आठला फरक होता ०.०६ अंश. दुपारी दोनला १.७४ अंश. वहीतला फरक आठवा: २.३ वजा ०.६, म्हणजे १.७. पीआयडी, बॅटरी, चाकांची पकड यांपैकी कशालाही हात न लावता दोष सापडला होता. १.७४ भागिले १.२४५ केलं की बायस निघतो: सेकंदाला १.४ अंश. जायरोच्या रेषेतही तोच आकडा छापून येत होता. २५० अंशांच्या रेंजवर हा सेन्सर एका अंशाला १३१ मोजतो, तेव्हा कच्च्या आकड्यात हे साधारण १८३ होतात. मोटरी काढलेला, भिंतीला टेकलेला रोबो सेकंदाला १.४ अंशानं फिरतोय असं चिप सांगत होती.

हीच तपासणी घरी करताना एक घोटाळा होतो तो आत्ताच सांगतो. भाच्यानं सिरियलचा वेग ९६०० ठेवला होता. या वेगाला एक अक्षर जायला एक मिलिसेकंदापेक्षा किंचित जास्त लागतं. वीस अक्षरांची ओळ म्हणजे वीस मिलिसेकंद, आणि फेरी तर पाच मिलिसेकंदांची. नॅनोचा छपाईचा बफर काही क्षणांत भरतो आणि मग प्रत्येक फेरी ओळ बाहेर जाईपर्यंत अडून राहते. कोडमध्ये `dt` मात्र ०.००५ च लिहिलेला. त्यामुळे रोबो झटकन वाकवला की फिल्टर जेमतेम पाव कोन दाखवतो, बाकीचा पुढच्या पाच-सहा सेकंदांत अॅक्सेलरोमीटर ओढून आणतो. कायमची चूक तेवढीच राहते, कारण ती कोडमधल्या `dt` वर ठरते, खऱ्या वेळेवर नाही. पण स्थिरावायला चौपट वेळ लागतो आणि माणूस घाईनं भलताच आकडा टिपतो. म्हणजे दोष बघायला लावलेली छपाईच नवा दोष आणते. वेग ११५२०० करा, प्रत्येक विसाव्या फेरीलाच छापा, आणि `dt` हा `micros()` नं मोजून घ्या. हाताने लिहिलेला `dt` मी कुणाच्याही कोडमध्ये पाहिला की आधी तोच खोडतो.

तीन आकडे समोर असतानाच चिन्हाची तपासणीही उरकून घ्यावी. रोबो हातानं झटकन पुढे वाकवायचा. फिल्टरचा कोन अॅक्सेलरोमीटरच्या बाजूला गेला तर ठीक. आधी उलट बाजूला उडी मारून मग हळूहळू फिरून आला, तर जायरोच्या अक्षाचं चिन्ह उलटं आहे. आमचं बरोबर होतं.

बायसच आहे, की सेन्सर वाकडा बसलाय?

हा प्रश्न रास्त आहे, कारण अॅक्सेलरोमीटरलाही शून्याची चूक असते आणि बोर्ड चिकटवतानाही अंशभर तिरका बसतो. दोन्हींत फरक ओळखायची सोपी युक्ती आहे. अल्फा बदला. भाच्याला ०.९८ टाकायला सांगितलं. `dt` तोच, टाऊ झाला ०.२४५ सेकंद, म्हणजे पाचपट कमी. फरकही १.७४ वरून ०.३४ वर आला. पाचपट कमी. टाऊच्या मागोमाग जी चूक लहान-मोठी होते ती जायरोची. अल्फा काहीही ठेवला तरी जी हलत नाही, आणि ज्यात फिल्टरचा कोन व अॅक्सेलरोमीटरचा कोन दोघं एकमेकांशी सहमत असतात पण दोघंही चुकीचे असतात, ती बसवणुकीची. वहीतला सकाळचा ०.६ तसा होता. तो सेटपॉइंटमध्येच राहू द्यावा, त्याच्यासाठीच सेटपॉइंट असतो.

मग मी विचारलं, "अल्फा ०.९९६ कुठनं आणलास?"

तो म्हणाला, "आधी ०.९८ च होता मामा. पण खाली माग चालू झाले की ग्राफ नुसता नाचत होता. म्हणून वाढवला."

ग्राफ दाखव म्हटलं. खालचे माग चालू असताना धोटा आपटला की पहिल्या मजल्याची स्लॅब थरथरते, पाण्याचा तांब्या ठेवला तर पाण्यावर वर्तुळं दिसतात. अॅक्सेलरोमीटरच्या कोनात त्यामुळे पावणेदोन अंशांपर्यंत वरखाली होत होतं. दिसायला भयंकर. पण तो बघत होता तो अॅक्सेलरोमीटरचा कच्चा कोन, फिल्टरचा नव्हे. स्लॅबची थरथर सेकंदाला पंधरा-एक वेळा होती. टाऊ ०.२४५ असताना फिल्टर सेकंदाला ०.६५ वेळांहून जलद होणारं सगळं दाबत जातो, आणि पंधरा म्हणजे त्याच्या तेवीसपट. पावणेदोन अंशांची थरथर फिल्टरमधून बाहेर येताना ०.०८ अंश उरते. एवढ्याला पिवळ्या गिअरच्या मोटरीला काही फरक पडत नाही, त्यांच्या दात्यांतली ढिलाईच याहून जास्त असते.

थोडक्यात, नसलेल्या आजारावर औषध घेतलं आणि त्या औषधानं असलेला आजार पाचपट केला. ०.९८ वर राहिला असता तर दुपारची चूक तिसऱ्या हिश्श्या अंशाची असती, रोबो जरासा डुलला असता, वही लिहायची वेळच आली नसती. कच्चा अॅक्सेलरोमीटर बघून अल्फा ठरवू नका, हे मी आता प्रत्येकाला सांगतो. बाहेर पडणारा कोन बघा.

मग उलटं टोक का नाही? अल्फा ०.९ ठेवला की टाऊ ०.०४५ सेकंद, बायसची चूक जवळजवळ नाहीच. पण तेव्हा अॅक्सेलरोमीटरचं खोटं थेट आत येतं, आणि तो खोटं बोलतो हे तुळजापूरच्या एसटीत उभं राहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे. गाडी सुटली की वरचा हँडल मागे झुकतो. डोळे मिटून त्या हँडलवर विश्वास ठेवला तर वाटेल गाडी घाट चढतेय. रोबोचं तर त्याहून वाईट आहे. तो पुढे वाकून पुढे धावतो तेव्हा गुरुत्व आणि धावण्याचा धक्का मिळून होणारा जोर थेट त्याच्या अंगाच्या रेषेत येतो. म्हणजे अॅक्सेलरोमीटर नेमका वाकून पळताना म्हणतो, 'मी ताठ आहे.' त्या क्षणी खरं बोलणारा एकटा जायरो. म्हणून टाऊ अर्ध्या सेकंदाच्या आसपास ठेवावा असं माझं मत झालंय, एवढ्या छोट्या रोबोसाठी. मोठ्या, संथ रोबोला जास्त चालेल.

दुपारचाच बायस का?

भाच्याचा पहिला अंदाज बॅटरी होता. सेल उतरत जातात, हे खरं, पण उतरलेला सेल जायरोच्या शून्याला हात लावत नाही, तिथं बोर्डावर वेगळा रेग्युलेटर आहे. शिवाय भरलेले सेल घालून पाहिलं तरी दुपारचा आकडा दुपारचाच.

एमपीयू-६०५० मध्ये तापमानाचा आकडाही मिळतो, आणि फार थोडे लोक तो वाचतात. कच्चा आकडा भागिले ३४०, अधिक ३६.५३, म्हणजे अंश सेल्सिअस. तो छापला. सकाळी चिप ३१ अंशांवर होती. दुपारी दोनला ४९. मे महिन्यात सोलापुरात पारा चाळिशीच्या वर असतोच, त्यात आमच्या खोलीवर पत्रा, आणि चिपच्या खाली एल२९८एन. हा जुना ड्रायव्हर आहे, एक अँपिअर जाताना त्याच्यावर साधारण दोन व्होल्ट पडतात, म्हणजे दोन वॉटची शेगडी सेन्सरच्या बोटभर खाली. १८ अंशांच्या फरकाला १.४ अंश प्रति सेकंदाचा बायस. या नगात एका अंश सेल्सिअसला ०.०८ च्या आसपास. सुटा दुसरा नग घेतला तर आकडा वेगळा येईल, दिशाही उलटी असू शकते, पण माहितीपत्रकात बनवणाऱ्यांनी दिलेल्या मर्यादेत तो बसतो. तिथं तर पूर्ण तापमान पट्ट्यात वीस अंश प्रति सेकंदापर्यंतची सूट घेतलेली आहे. नग खराब नाही. स्वस्त जायरो असाच असतो.

आणि बायस काढायची जागा? कोडच्या वरच्या बाजूला हाताने लिहिलेला एक आकडा होता. तीन आठवड्यांपूर्वी एका सकाळी काढून कायमचा चिकटवलेला. ३१ अंशांचा आकडा ४९ अंशांना लावत होतो आम्ही. मध्येच एकदा त्यानं तो दुपारी पुन्हा काढला होता, तेव्हा दुपारी रोबो छान उभा राहिला आणि रात्री उलट दिशेला पळाला. त्या दिवशी त्यानं रोबोला जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

दुरुस्ती

पहिलं काम: चिकटवलेला आकडा काढून टाकला. रोबो सुरू होताच चारशे नमुने घ्यायचे, पाच मिलिसेकंदांनी एक, म्हणजे दोन सेकंद. त्यांची सरासरी हाच आजचा बायस. एक अट घातली: या दोन सेकंदांत कमाल आणि किमान आकड्यांत १३१ पेक्षा, म्हणजे एका अंश प्रति सेकंदापेक्षा जास्त फरक पडला तर रोबो हातात आहे असं समजून पुन्हा मोजायचं. ही अट नसली की माणूस बटण दाबून रोबो उचलता उचलता सोडतो आणि हाताची हालचालच बायस म्हणून नोंदली जाते. मग तक्रार येते की 'पाचातनं एकदा बिघडतो.' खाली माग चालू असतानाही हा फरक आमच्याकडे ७० च्या वर गेला नाही. तुमच्याकडे जास्त असेल तर आधी मोजा, मग अट सैल करा.

दुसरं काम: सेन्सर ड्रायव्हरच्या डोक्यावरून काढून रोबोच्या दुसऱ्या टोकाला नेला. त्यामुळे सुरू केल्यानंतर दहा मिनिटांत चिप जी अठरा अंश तापायची ती आता आठ अंश तापते. आठ अंश म्हणजे ०.६ चा बायस, आणि टाऊ अर्धा सेकंद धरला तर ०.३ अंशाची चूक. खरं तर इथं थांबलं तरी चाललं असतं.

पण प्रोजेक्टच्या दिवशी रोबो अर्धा तास उभा ठेवायचा होता, म्हणून तिसरं काम केलं. फिल्टरलाच बायस शिकायला लावला. फिल्टरचा कोन सतत एकाच बाजूला अॅक्सेलरोमीटरपेक्षा जास्त राहत असेल, तर ती बायसचीच खूण आहे. तेव्हा त्या फरकातनं थोडा थोडा बायस दुरुस्त करायचा:

```cpp
unsigned long now = micros();
float dt = (now - last) * 1e-6;
last = now;

float accAngle = atan2(ay, az) * 57.2958;
angle += (gx / 131.0 - bias) * dt;
float e = accAngle - angle;
angle += e * dt / (tau + dt);
if (abs(pwm) < 60) bias -= ki * e * dt;
```

`tau` ०.५ आणि `ki` ०.०५. पहिल्या तीन ओळींत खरा वेळ मोजला. `angle` च्या दोन ओळी मिळून तोच जुना कॉम्प्लिमेंटरी फिल्टर आहे, फक्त अल्फाऐवजी टाऊ लिहिला, म्हणजे फेरीचा वेग बदलला तरी वागणूक तीच राहते. शेवटची ओळ नवी. तिच्यामुळे बायस एक भागिले `ki` गुणिले टाऊ, म्हणजे चाळीस सेकंदांच्या गतीनं खऱ्या आकड्याकडे जातो. तापमान मिनिटांच्या हिशोबानं बदलतं, त्यामुळे चाळीस सेकंद पुरेसे जलद आहेत. `ki` वाढवायचा मोह होतो. पण तो एक भागिले टाऊच्या वर्गाच्या चौपटीपर्यंत गेला, इथं १ पर्यंत, की कोन डोलायला लागतो, आणि त्याच्या खूप आधीच रोबोच्या प्रत्येक धावेतनं चुकीचा बायस शिकला जातो.

त्यासाठीच शेवटच्या ओळीतली `pwm` ची अट आहे. मोटरींना जोर कमी असेल तेव्हाच शिकायचं. बऱ्याच कोडमध्ये याऐवजी वेगळी अट दिसते: अॅक्सेलरोमीटरची एकूण लांबी एक जीच्या पाच टक्के आतबाहेर असेल तरच त्याच्यावर विश्वास ठेवायचा. ऐकायला बरोबर वाटतं, पण हिशोब करून बघा. रोबोला आडवा धक्का ०.१ जीचा बसला तर अॅक्सेलरोमीटरचा कोन ५.७ अंशांनी चुकतो, आणि एकूण लांबी होते १.००५ जी. अर्धा टक्का. अट आरामात पार होते आणि पावणेसहा अंशांचं खोटं आत येतं. आडव्या धक्क्यासाठी ती अट आंधळी आहे, खड्ड्यात आपटल्यावर मात्र उपयोगी पडते. मोटरीला आपणच हुकूम देतो, तर धक्का कधी बसणार ते आपल्याला आधीच माहीत असतं, ते वापरावं.

मर्यादाही आहे. रोबो कुणी हातात धरून गोल गोल फिरवत असेल, मोटरी बंद असतील, तर अट त्याला अडवत नाही आणि बायस थोडा भरकटतो. म्हणून बायसला सुरुवातीच्या आकड्यापासून दोन्ही बाजूंना सेकंदाला तीन अंशांचं कुंपण घातलंय.

तपासायला मेची दुपार नको म्हणून आम्ही बहिणीचा हेअर ड्रायर घेतला. रोबो भिंतीला टेकवला, मोटरी बंद, आणि चिप ३३ वरून ५२ अंशांपर्यंत तापवली. शेवटची ओळ बंद ठेवून फिल्टर आणि अॅक्सेलरोमीटर यांच्यात ०.७५ अंशाचा फरक पडला. ओळ चालू केल्यावर दोन मिनिटांत ०.०५ च्या आत. ड्रायरचा वारा थेट चिपवर मारू नका, तापमान इतकं भराभर चढतं की चाळीस सेकंदांची गती मागे पडते आणि तुम्हाला वाटतं शिकणंच चुकतंय. हातभर लांबून, सावकाश.

खालच्या कारखान्यातले एक मागवाले वर येऊन हे सगळं बघत होते. म्हणाले, "आमच्या मागाला बी उन्हाळ्यात वेगळं, पावसाळ्यात वेगळं लावावं लागतंय. हवा सुकली की सूत तुटतंय." ते गेल्यावर भाचा म्हणाला, त्यांना रोबोतलं काही कळलं नसेल ना? मला वाटतं त्यांनाच पहिल्यांदा कळलं होतं.

नंतरच्या आठवड्याचं वहीतलं पान: सकाळी ०.६, दुपारी ०.६, संध्याकाळी ०.७. तो ०.१ दोन दिवस छळत होता. शेवटी बॅटरी होल्डरमधला एक सेल ढिला निघाला, रोबो उचलून ठेवला की तो अर्धा मिलिमीटर सरकायचा आणि वजनाचा मध्यच हलायचा. खाली पुठ्ठ्याची घडी सारली.